कार्पल टनेलमध्ये दबलेली मीडियन नर्व्ह: एनसीएसचा आलेख वाचताना लेटन्सी, ॲम्प्लिट्यूड आणि वेग कसे पाहावेत

नर्व्ह कंडक्शन स्टडीचा, म्हणजे एनसीएसचा, अहवाल हातात आला की आपली नजर सवयीने तक्त्याकडे जाते आणि ज्या आकड्यासमोर लाल खूण असेल तिथेच थांबते. कार्पल टनेलच्या बाबतीत ही सवय बऱ्याचदा फसवते, कारण तक्त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे आलेखावर कोणीतरी ठेवलेल्या एका मार्करची जागा असते. मार्कर चुकला, हात गार असला किंवा उत्तेजना शेजारच्या नर्व्हपर्यंत पसरली, तर आकडा चुकतो, पण तक्त्यात तो तेवढाच नीटनेटका दिसतो. म्हणून या लेखात एकाच हाताचा अभ्यास घेऊन त्याचा आलेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला आहे. हा लेख एनसीएस नव्याने शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी आहे. निदान आणि उपचाराचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो, हे गृहीत धरले आहे.

हात आणि त्याचे आकडे

रुग्ण ४६ वर्षांची आहे. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट आठ महिन्यांपासून बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की थोडे बरे वाटते. तपासणीच्या वेळी हाताच्या त्वचेचे तापमान ३३ अंश सेल्सिअस होते. मिळालेले आकडे असे आहेत:

| तपासणी | लेटन्सी (मिलिसेकंद) | ॲम्प्लिट्यूड | वेग (मीटर प्रति सेकंद) |
|---|---|---|---|
| मीडियन मोटर, मनगट | ५.८ | ५.१ मिलिव्होल्ट | – |
| मीडियन मोटर, कोपर | ८.४ | ५.९ मिलिव्होल्ट | ८५ |
| अल्नर मोटर, मनगट | २.८ | ९.२ मिलिव्होल्ट | ५७ (पुढचा हात) |
| मीडियन सेन्सरी, तर्जनी, १३ सेंमी | ३.६ | ९ मायक्रोव्होल्ट | ३६ |
| अल्नर सेन्सरी, करंगळी, ११ सेंमी | २.० | २६ मायक्रोव्होल्ट | ५५ |

मीडियन मोटरची नोंद अंगठ्याच्या उंचवट्यावरील ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिस या स्नायूवरून घेतली आहे आणि मनगटावरची उत्तेजना सक्रिय इलेक्ट्रोडपासून ७ सेंटिमीटरवर दिली आहे. या अंतराला दूरस्थ मोटर लेटन्सीची वरची मर्यादा साधारण ४.४ मिलिसेकंद आणि ॲम्प्लिट्यूडची खालची मर्यादा ४ मिलिव्होल्ट धरतात. अल्नर मोटरसाठी लेटन्सीची मर्यादा ३.३ मिलिसेकंद असते. तर्जनीच्या सेन्सरी तरंगाची उंची किमान २० मायक्रोव्होल्ट आणि वेग किमान ५० मीटर प्रति सेकंद असावा अशी अपेक्षा असते. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या अंतरांनुसार मर्यादा ठरवलेल्या असतात, त्यामुळे दुसरीकडचा आकडा आपल्या मर्यादेशी ताडण्याआधी अंतर तेच होते ना, हे पाहणे आवश्यक आहे.

आधी तरंगाचा आकार, मग मार्कर

तक्ता बाजूला ठेवून आलेख उघडावा आणि सर्वप्रथम प्रत्येक चौकोनाचे मोल पाहावे. मोटर तरंग बहुधा उभ्या चौकोनाला २ ते ५ मिलिव्होल्ट या गेनवर असतो, तर सेन्सरी तरंग १० ते २० मायक्रोव्होल्टवर, म्हणजे काहीशे पट जास्त मोठा करून दाखवलेला असतो. हे लक्षात न घेता दोन्ही शेजारी पाहिले, तर कोलमडलेला सेन्सरी तरंगही भरघोस वाटू शकतो. गेनचा आणखी एक परिणाम होतो. गेन जितका जास्त, तितकी आधाररेषेपासूनची पहिली सूक्ष्म उचल लवकर दिसते आणि लेटन्सी थोडी कमी मोजली जाते. म्हणून मनगट आणि कोपर यांचे तरंग, तसेच उजवा आणि डावा हात, एकाच गेनवर मोजावेत.

मीडियन मोटरचा निर्दोष तरंग आधाररेषा सोडताच सरळ वर जातो. एनसीएसमध्ये ऋण दिशा वर दाखवतात, त्यामुळे 'वर' म्हणजे ऋण. मनगटावरील उत्तेजनेनंतर तरंग आधी खाली वाकला आणि मग वर गेला, तर तिथेच थांबावे. सक्रिय इलेक्ट्रोड स्नायूच्या मध्यभागी नसेल तर असे होते, आणि करंट वाढवत नेताना उत्तेजना शेजारच्या अल्नर नर्व्हपर्यंत पसरली तरीही असेच होते. यांतले कोणते कारण आहे हे ओळखण्यासाठी करंट हळूहळू कमी करावा. ज्या क्षणी तरंगाचा आकार एकदम बदलतो आणि खालचा वाक नाहीसा होतो, तिथपर्यंतचा करंट मीडियनचा होता आणि त्यापुढचा अल्नरला लागत होता. पूर्ण उत्तेजना म्हणजे तरंग वाढायचा थांबल्यावर आणखी २० ते ३० टक्के करंट, त्याहून जास्त नाही.

आपल्या रुग्णात मनगटाचा तरंग सरळ वर जातो. कोपराचा तरंग मात्र आधी थोडा खाली वाकतो. ही खूण पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

लेटन्सी: उशीर कुठे झाला

मोटर लेटन्सी म्हणजे उत्तेजनेपासून तरंगाने आधाररेषा सोडेपर्यंतचा वेळ. त्यात नर्व्हमधल्या प्रवासाखेरीज नर्व्ह आणि स्नायू यांच्या जोडावरचा सुमारे एक मिलिसेकंद आणि नर्व्हच्या टोकाकडच्या बारीक, मंद फांद्यांमधला वेळही मिसळलेला असतो. म्हणून ७ सेंटिमीटरला ५.८ मिलिसेकंदांनी भागून वेग काढता येत नाही, आणि तक्त्यात त्या जागी रेघ असते ती याच कारणाने. सेन्सरी तरंगात असा जोड येत नसल्यामुळे एकाच उत्तेजनेवरून वेग निघतो: १३० मिलिमीटर भागिले ३.६ मिलिसेकंद म्हणजे ३६ मीटर प्रति सेकंद. इथे लेटन्सी तरंगाच्या सुरुवातीची हवी. शिखराची लेटन्सी आलेखावर शोधायला सोपी असते आणि तिच्या मर्यादाही वेगळ्या छापलेल्या असतात, पण ती वेगाच्या भागाकारात घातली तर निरोगी नर्व्हसुद्धा मंद ठरते. आपल्या रुग्णाचे शिखर ४.४ मिलिसेकंदांवर आहे. त्याने भागले असते तर वेग ३० च्या खाली गेला असता.

लेटन्सीची तुलना नेहमी त्याच हाताच्या अल्नर नर्व्हशी करावी. इथे मीडियन ५.८ आणि अल्नर २.८ आहे, म्हणजे उशीर फक्त मीडियनला झाला आहे. दोन्ही लांबल्या असत्या तर मधुमेहासारख्या कारणाने होणारी सर्वांगीण न्यूरोपॅथी किंवा गार हात, या दोन शक्यता पुढे आल्या असत्या.

गार हाताविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण माझ्या शिकण्याच्या काळातली एक चूक अजून मनात आहे. थंड खोलीत बराच वेळ बसलेल्या एका रुग्णाची मीडियन मोटर लेटन्सी ४.६ आली आणि मी सौम्य कार्पल टनेल असे लिहून टाकले. वरिष्ठांनी आलेख पाहिला आणि अल्नरच्या ३.६ वर बोट ठेवून विचारले, "हाताला हात लावून पाहिलास का?" हाताचे तापमान २८ अंश होते. तापमान एक अंशाने उतरले की दूरस्थ लेटन्सी सुमारे ०.२ मिलिसेकंदांनी लांबते आणि वेग दीड ते अडीच मीटर प्रति सेकंदाने घटतो. ३२ अंशांपर्यंतच्या चार अंशांचे मिळून ०.८ मिलिसेकंद झाले, आणि तेवढे वजा केल्यावर दोन्ही नर्व्ह ३.८ आणि २.८ वर, म्हणजे सामान्य मर्यादेत आल्या. आलेखातच याची खूण होती आणि ती मला दिसली नव्हती: सेन्सरी तरंग मंद असूनही नेहमीपेक्षा उंच आणि रुंद होता. थंडीत सोडियमची दारे जास्त वेळ उघडी राहतात, त्यामुळे तरंग उंच होतो. दाबामुळे मंदावलेला तरंग सहसा खुजा असतो. मंद आणि उंच अशी जोडी दिसली की आधी हात कोमट पाण्यात ठेवून ३२ अंशांच्या वर आणावा आणि मोजमाप पुन्हा करावे. गणिताने दुरुस्ती करण्यापेक्षा हात गरम करणे केव्हाही बरे, कारण आजारी नर्व्ह त्या सूत्राप्रमाणे वागेलच असे नाही.

वेग: मंदपणा अंतरात विरतो

कार्पल टनेलच्या एनसीएसमध्ये सर्वांत जास्त गैरसमज वेगाविषयी होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

तर्जनीचा सेन्सरी मार्ग १३-१४ सेंटिमीटर लांब असतो, पण दबलेला तुकडा त्यातला जेमतेम काही सेंटिमीटर असतो. १४ सेंटिमीटरपैकी १० सेंटिमीटर नर्व्ह ५६ मीटर प्रति सेकंद या निरोगी वेगाने आणि फक्त ४ सेंटिमीटर ४० च्या वेगाने वाहते असे समजू. पहिल्या भागाला १.७९ मिलिसेकंद लागतात आणि दुसऱ्याला १.०. एकूण २.७९ मिलिसेकंदांनी १४० मिलिमीटर भागले की ५० मीटर प्रति सेकंद येतात, म्हणजे अहवालात 'सामान्य'. बोगद्यातली नर्व्ह खरोखर मंद आहे, पण निरोगी अंतराने तिचा मंदपणा पातळ करून टाकला. आता हीच नर्व्ह तळहात ते मनगट या ८ सेंटिमीटरच्या टप्प्यात मोजली, तर ४ सेंटिमीटरला ०.७१ आणि दबलेल्या ४ सेंटिमीटरला १.० असे १.७१ मिलिसेकंद लागतात आणि वेग ४७ निघतो. शेजारची अल्नर त्याच अंतरात ५६ ने वाहत असते, त्यामुळे फरक उघड होतो.

म्हणून रुग्णाची कहाणी कार्पल टनेलची असूनही तर्जनीचा वेग सामान्य आला, तर तपासणी तिथे थांबवू नये. समान अंतरावर मीडियन आणि अल्नर शेजारी ठेवून पाहणाऱ्या चाचण्या पुढे कराव्यात. तळहातावर ८ सेंटिमीटरवरून मिश्र नर्व्ह मोजली, तर दोघींच्या शिखर-लेटन्सीतला फरक ०.३ मिलिसेकंदांपर्यंत चालतो. अनामिकेला दोन्ही नर्व्हचा पुरवठा असल्यामुळे तिच्यावर समान अंतराने घेतलेल्या दोन तरंगांतला फरक ०.४ मिलिसेकंदांपर्यंत चालतो. अर्ध्या मिलिसेकंदाहून लहान फरक मोजताना अंतरातली चूक घातक ठरते. ५० मीटर प्रति सेकंद वेगाला ५ मिलिमीटर अंतर म्हणजे ०.१ मिलिसेकंद, म्हणून टेप बोटाच्या सरळ रेषेत आणि मनगट न वाकवता धरावी. यांतली एकच चाचणी काठावर आली तर तेवढ्यावर निदान लिहू नये. मी किमान दोन चाचण्या एकाच दिशेने बोलण्याची वाट पाहतो.

आपल्या रुग्णात ३६ चा वेग आधीच स्पष्ट आहे, तरी मंदपणा नेमका बोगद्यात आहे हे दाखवण्यासाठी तळहातावरूनही उत्तेजना दिली. तर्जनीपासून ६.५ सेंटिमीटरवर, म्हणजे बोगद्याच्या पलीकडे, उत्तेजना दिल्यावर लेटन्सी १.२ मिलिसेकंद आली. बोट ते तळहात हा वेग ६५ भागिले १.२ म्हणजे ५४. उरलेल्या ६.५ सेंटिमीटरला, म्हणजे तळहात ते मनगट या टप्प्याला, ३.६ वजा १.२ म्हणजे २.४ मिलिसेकंद लागले आणि वेग २७ निघाला. बोटातली नर्व्ह निरोगी वेगाने वाहते आणि बोगद्यात तोच वेग निम्मा होतो. ३६ हा आकडा या दोहोंची सरासरी होता, नर्व्हचा खरा वेग कुठेच ३६ नव्हता.

ॲम्प्लिट्यूड: तंतू गेले की अडले

तरंगाची उंची किती तंतू एकाच वेळी नोंदीपर्यंत पोहोचले हे सांगते. रुग्णाचा तर्जनीचा तरंग ९ मायक्रोव्होल्ट आहे, म्हणजे अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. हे पाहून अनेकजण लगेच 'ॲक्सॉनचा ऱ्हास' असे लिहितात. ते घाईचे आहे, कारण उंची दोन कारणांनी घटते. ॲक्सॉन खरोखर मेले असतील, किंवा जिवंत असूनही दाबामुळे मायलिन बिघडून संदेश बोगद्यातच अडत असतील. पहिल्यात सुधारणा संथ आणि बऱ्याचदा अपुरी असते, तर दुसऱ्यात दाब दूर झाल्यावर ती तुलनेने लवकर होते. रुग्णाला काय सांगायचे ते यावरच अवलंबून असते.

हे ओळखण्याची किल्ली वरच्याच तळहाताच्या उत्तेजनेत आहे. तळहातावरून दिलेल्या उत्तेजनेला बोगदा ओलांडावा लागत नाही. तिथून तरंग १९ मायक्रोव्होल्ट आला आणि मनगटावरून ९, म्हणजे गुणोत्तर २.१. निरोगी हातातही जास्त अंतरावर तंतूंची थोडी फाकाफाक होऊन सेन्सरी तरंग जरा खुजा होतो, म्हणून १.६ पर्यंतचे गुणोत्तर सामान्य धरतात. २.१ त्याच्या वर आहे, त्यामुळे बरेच तंतू जिवंत आहेत आणि बोगद्यात अडकले आहेत. दोन्हीकडून तरंग सारखाच खुजा आला असता, तर ॲक्सॉन गेल्याची शंका बळावली असती आणि अंगठ्याच्या स्नायूत सुईची ईएमजी करून ती पडताळावी लागली असती.

बोटाचा सेन्सरी तरंग अजिबात नसेल तेव्हा एक वेगळा सापळा असतो. मनगटावरून उत्तेजना देऊन बोटावर नोंद घेताना, त्याच उत्तेजनेने आकुंचन पावलेल्या हाताच्या स्नायूंचा तरंग दूरवरून बोटापर्यंत येतो. खरा सेन्सरी तरंग गायब झालेला असतो आणि मार्कर या स्नायूच्या तरंगावर बसतो. रुंदी पाहिली की फरक कळतो: सेन्सरी तरंग साधारण दीड मिलिसेकंदात संपतो, स्नायूचा पाच-सहा मिलिसेकंद पसरतो आणि उशिराही येतो.

कोपराचा तरंग आणि ८५ चा आकडा

आता तक्त्यातल्या त्या आकड्याकडे वळू, ज्याच्यासमोर यंत्र कधीच लाल खूण करणार नाही. कोपर ते मनगट अंतर २२ सेंटिमीटर, लेटन्सीतला फरक ८.४ वजा ५.८ म्हणजे २.६ मिलिसेकंद, आणि वेग ८५. माणसाच्या पुढच्या हातातली मोटर नर्व्ह इतक्या वेगाने वाहत नाही. त्यातून मनगटापेक्षा कोपराचा तरंग मोठा आहे, ५.१ विरुद्ध ५.९, आणि वर पाहिल्याप्रमाणे तो आधी खाली वाकतो. या तीन खुणा एकत्र आल्या की मार्टिन-ग्रुबर जोडणीचा विचार करावा.

या जोडणीत मीडियनचे काही मोटर तंतू पुढच्या हातातच अल्नरमध्ये शिरतात आणि मनगटाला अल्नरच्या वाटेने, म्हणजे कार्पल टनेल टाळून, हातात पोहोचतात. कोपराला उत्तेजना दिली की हे तंतू दबावाच्या फेऱ्यात न अडकता अंगठ्याजवळच्या अल्नरच्या स्नायूंना आधी पोहोचतात. ते स्नायू इलेक्ट्रोडपासून बाजूला असल्यामुळे त्यांची चाहूल खालच्या वाकाच्या रूपाने येते. मनगटावर मीडियनला दिलेली उत्तेजना या तंतूंना लागतच नाही, त्यामुळे तो तरंग सरळ वर जातो पण लहान असतो. परिणामी कोपराची लेटन्सी एका वाटेची आणि मनगटाची दुसऱ्याच वाटेची असते, आणि त्यांच्या वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. कार्पल टनेल नसता तर दोन्ही वाटांचे तंतू जवळपास एकाच वेळी पोहोचले असते आणि हा वाक दिसला नसता.

खात्री करण्यासाठी नोंद अंगठ्यावरच ठेवून अल्नरला मनगटाशी आणि कोपराच्या खाली उत्तेजना द्यावी. जोडणी असेल तर मनगटावरचा तरंग मोठा येतो, कारण ओलांडून आलेले तंतू फक्त तिथेच अल्नरमध्ये असतात. त्याआधी कोपराला करंट जास्त होऊन तो अल्नरला लागत नव्हता ना, हे करंट कमी करून पाहावे. आपल्या रुग्णात करंट कमी केल्यावरही वाक टिकला आणि अल्नरच्या दोन तरंगांत अपेक्षित फरक मिळाला.

याच्या उलट, जोडणी नसलेल्या तीव्र कार्पल टनेलमध्ये पुढच्या हाताचा वेग ४५-४८ असा किंचित घटलेला दिसू शकतो. सर्वांत वेगवान तंतू बोगद्यात अडल्यामुळे उरलेल्या मंद तंतूंचा वेग मोजला जातो. तेवढ्यावरून पुढच्या हातात दुसरा आजार शोधत बसू नये.

अहवालात काय लिहावे

मानेतल्या सी-६ मुळाचा दाब असता तर अंगठा आणि तर्जनी बधिर झाली असती, पण सेन्सरी तरंग शाबूत राहिला असता. मानेतला दाब डॉर्सल रूट गँग्लिअन या पेशीगुच्छाच्या आतल्या बाजूला असतो आणि बोटापर्यंतचा तंतू जिवंत राहतो. इथे तरंग खुजा आणि मंद आहे, म्हणून या तक्रारी मानेवरून समजावता येत नाहीत. मात्र एनसीएस फक्त जाड, वेगवान तंतू मोजतो. मुंग्या आणि वेदना बारीक तंतूंतूनही येतात, त्यामुळे लक्षणे ठळक असूनही आलेख सामान्य येऊ शकतो. अशा वेळी 'कार्पल टनेल नाही' असे न लिहिता 'एनसीएसमध्ये पुरावा मिळाला नाही' असे लिहावे.

प्रचलित प्रतवारीत मोटर लेटन्सी ४.५ ते ६.५ च्या दरम्यान आणि तर्जनीचा सेन्सरी तरंग शिल्लक असेल तर दाब मध्यम तीव्रतेचा धरतात, तरंग नाहीसा झाला असेल तर तीव्र. या रुग्णासाठी मी लिहिलेला निष्कर्ष असा होता: "उजव्या मीडियन नर्व्हचा मनगटापाशी मध्यम तीव्रतेचा दाब. तळहात ते मनगट टप्प्यात सेन्सरी वेग २७ मीटर प्रति सेकंद, त्याच टप्प्यात अंशतः संदेशरोध. उजव्या अल्नर नर्व्हचे मोजमाप सामान्य. मार्टिन-ग्रुबर जोडणीमुळे पुढच्या हातातील मीडियन मोटर वेग मोजण्यायोग्य नाही. हाताचे तापमान ३३ अंश."